ज्वारी निकृष्ट वस्तू आहे का? उत्पन्न लवचिकता आणि छेदक लवचिकता मोजण्याची रीत

उत्पन्न वाढले की जिची मागणी घटते, अशा निकृष्ट वस्तूचे उदाहरण विचारले की ज्वारी-बाजरीचे नाव सर्रास पुढे केले जाते. खानदेशात हे उत्तर घेऊन बसले तर अडचण येते, कारण येथे ज्वारी म्हणजे एकच धान्य नव्हे. खरिपात येणारी संकरित ज्वारी स्वस्त असते आणि काढणीच्या वेळी पाऊस लागला तर काळी पडते. रब्बीची दादर ज्वारी पांढरी, भाकरीला गोड आणि बाजारात महाग असते. हातात चार पैसे जास्त आले म्हणून दादर घेणारी कुटुंबे अंमळनेर, चोपडा, शिंदखेडा या भागांत सहज सापडतात. अशा वेळी ज्वारीला उत्पन्नाबरोबर मागणी वाढणारी सामान्य वस्तू म्हणावे की निकृष्ट, हे नुसत्या नावावरून ठरवता येत नाही, ते मोजावे लागते.

या मोजमापाची साधने दोन आहेत. उत्पन्न बदलल्यावर एखाद्या वस्तूची मागणी किती बदलते, हे उत्पन्न लवचिकता सांगते. दुसऱ्याच एखाद्या वस्तूची किंमत बदलल्यावर पहिलीची मागणी किती बदलते, हे छेदक लवचिकता सांगते. पहिलीने सामान्य आणि निकृष्ट वस्तू वेगळ्या होतात, दुसरीने एकमेकींची जागा घेणाऱ्या पर्यायी आणि सोबत वापरल्या जाणाऱ्या पूरक वस्तू. दोन्हींत आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व आकड्यापुढच्या चिन्हाला असते. पुढील उदाहरणांतील कुटुंब, दुकान आणि भाव हे सर्व रीत समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत.

पहिली पायरी : काय मोजायचे ते ठरवणे

मागणी रुपयांत मोजू नये. ती किलोत, लिटरमध्ये, जुडीत किंवा नगात मोजावी. रुपयांत मोजले की भाव आणि परिमाण एकमेकांत मिसळतात आणि मागणी वाढली की केवळ वस्तू महागली, हे कळेनासे होते.

दुसरी खबरदारी धान्याच्या बाबतीत विशेष लागते. आपल्याकडे अनेक घरांत नवे धान्य आले की वर्षभराचे एकदम भरून ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे उन्हाळ्यात दुकानातील धान्याची विक्री फुगते आणि पुढचे काही महिने ती बसलेली असते. ज्या महिन्यात खरेदी झाली त्याच महिन्यात धान्य खाल्ले असे धरले, तर एखाद्या महिन्याच्या उत्पन्नवाढीला भलतेच श्रेय मिळते. म्हणून धान्यासाठी संपूर्ण वर्षाचा वापर घ्यावा आणि हवा असल्यास त्याला बाराने भागावे. भाजी, दूध, तेलाची पिशवी अशा लवकर संपणाऱ्या वस्तूंना महिन्याचा आकडा चालतो.

तिसरी गोष्ट म्हणजे वस्तूची व्याख्या. ‘ज्वारी’ अशी एकच नोंद करायची की संकरित आणि दादर अशा दोन, हा निर्णय आकडेमोडीच्या आधीच घ्यावा लागतो आणि त्यावर उत्तर पालटू शकते, हे पुढे दिसेलच.

दुसरी पायरी : टक्केवारी मध्यबिंदूवरून काढणे

समजा, पाच माणसांच्या एका कुटुंबाचे मासिक उत्पन्न १८,००० रुपयांवरून २२,००० रुपयांवर गेले. वाढ ४,००० रुपयांची आहे. तिला १८,००० ने भागले तर ती सुमारे २२ टक्के होते. उलट दिशेने, म्हणजे उत्पन्न २२,००० वरून १८,००० वर घसरले असे धरून मोजले, तर तीच रक्कम सुमारे १८ टक्के भरते. एकाच बदलाची दोन उत्तरे येऊ नयेत म्हणून फरकाला दोन्ही आकड्यांच्या सरासरीने भागतात. येथे सरासरी २०,००० आहे, म्हणून बदल २० टक्के. या लेखात सर्व टक्केवाऱ्या याच रीतीने काढल्या आहेत.

उत्पन्न लवचिकता म्हणजे मागणीतील टक्केवारी बदलाला उत्पन्नातील टक्केवारी बदलाने भागून आलेला आकडा. आता याच कुटुंबाचा धान्याचा महिन्याचा सरासरी वापर पाहू. धान्याचे भाव तेच राहिले आहेत असे तूर्त धरू.

संकरित ज्वारीचा वापर २१ किलोवरून १९ किलोवर आला. फरक उणे २, सरासरी २०, म्हणून बदल उणे १० टक्के. त्याला २० टक्क्यांनी भागले की लवचिकता उणे ०.५ येते. दादर ज्वारीचा वापर ८ किलोवरून १२ किलोवर गेला. फरक अधिक ४, सरासरी १०, म्हणून बदल ४० टक्के, आणि लवचिकता अधिक २. मिठाचा वापर होता तेवढाच राहिला, म्हणून त्याची लवचिकता शून्य.

तिसरी पायरी : चिन्ह आणि आकडा वाचणे

उत्तर शून्याच्या खाली असेल तर ती वस्तू त्या कुटुंबासाठी, त्या उत्पन्नाच्या टप्प्यात निकृष्ट ठरते. शून्याच्या वर असेल तर ती सामान्य वस्तू. सामान्य वस्तूंतही शून्य ते एक या दरम्यान ज्या येतात त्यांची मागणी उत्पन्नापेक्षा सावकाश वाढते, आणि त्यांना गरजेच्या वस्तू म्हणतात. एकाच्या वर ज्या जातात त्यांची मागणी उत्पन्नापेक्षा वेगाने वाढते, म्हणून अर्थशास्त्राच्या हिशेबात त्या चैनीच्या. या मापाने दादर ज्वारी चैनीची वस्तू ठरते, हे ऐकून एखाद्या शेतकऱ्याला हसू येईल, पण १८,००० ते २२,००० या टप्प्यातील या एका घरापुरते ते खरे आहे.

आता दोन्ही ज्वारी एकत्र करून पाहा. एकूण ज्वारी २९ किलोवरून ३१ किलोवर गेली. फरक २, सरासरी ३०, म्हणजे सुमारे ६.७ टक्के, आणि लवचिकता सुमारे ०.३३. एकत्र मोजली तर ज्वारी ही गरजेची सामान्य वस्तू. वेगळी मोजली तर एक निकृष्ट आणि एक चैनीची. तिन्ही उत्तरे गणिताने बरोबर आहेत. ज्वारी निकृष्ट आहे का, या प्रश्नाचे उत्तर कोणती ज्वारी आणि कोणाच्या घरातली, हे विचारल्याशिवाय देता येत नाही ते यामुळेच.

रुपयांत मोजले असते तर काय झाले असते, तेही येथेच पाहून घ्यावे. संकरित ज्वारी ३० रुपये आणि दादर ४५ रुपये किलो धरली, तर ज्वारीवरचा खर्च आधी ९९० रुपये होता आणि नंतर १,११० रुपये झाला. ही वाढ सुमारे ११.४ टक्के आहे, त्यामुळे लवचिकता ०.५७ दिसते. भाव न बदलताही ०.३३ च्या जागी ०.५७ आले, कारण कुटुंब थोडी जास्त ज्वारी खाऊ लागले त्याबरोबरच ते महाग ज्वारीकडे वळले. कुटुंबांच्या खर्चाची पाहणी वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ज्वारीवरचा खर्च वाढला, तरी उत्पन्नातील तिचा वाटा ५.५ टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांवर आला. उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडले होते. भारतातही तेच दिसते : केंद्र सरकारच्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भागात अन्नावरील खर्चाचा वाटा २०११-१२ मध्ये सुमारे ५३ टक्के होता, तो २०२२-२३ मध्ये सुमारे ४६ टक्क्यांवर आला. अन्नाचा वाटा घटला म्हणून अन्न निकृष्ट ठरत नाही. त्याची लवचिकता एकाहून कमी आहे एवढाच त्याचा अर्थ. नवशिके येथे हमखास घसरतात, कारण घटता वाटा आणि घटती मागणी या दोन गोष्टी त्यांना एकच वाटतात.

आणखी एक ताळा करून पाहता येतो. प्रत्येक वस्तूच्या लवचिकतेला खर्चातील तिच्या वाट्याने गुणून सर्व गुणाकारांची बेरीज केली आणि शिल्लक टाकलेली रक्कमही एक वस्तू म्हणून धरली, तर ती बेरीज एकच्या जवळ यायला हवी, कारण वाढलेला प्रत्येक रुपया कुठे तरी गेलेलाच असतो. सर्वच वस्तू निकृष्ट निघाल्या तर आकडेमोडीत चूक आहे असे निःशंक समजावे.

चौथी पायरी : उत्पन्न खरोखर वाढले का, हे तपासणे

खानदेशात कापसाचा पैसा दिवाळीच्या आगेमागे हातात येऊ लागतो आणि त्याच सुमारास खरिपाची ज्वारी-बाजरीही बाजारात उतरते. म्हणजे उत्पन्न वाढते त्याच काळात धान्याचे भाव खाली येतात. या दिवसांत बाजरीची विक्री वाढली तर ती उत्पन्नामुळे वाढली की भाव पडल्यामुळे, हे विक्रीच्या आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून तुलना एका वर्षाच्या कार्तिकाची पुढच्या वर्षीच्या कार्तिकाशी करावी, आणि त्यातही ज्या दोन वर्षांत त्या धान्याचा भाव जवळपास सारखा होता अशीच जोडी निवडावी.

महागाईचा प्रश्नही येथेच येतो. वर्षभरात सर्वसाधारण भाव ५ टक्क्यांनी वाढले असतील, तर आजचे २२,००० रुपये म्हणजे गेल्या वर्षीचे सुमारे २०,९५० रुपये. तसे धरले की उत्पन्नातील वाढ २० नव्हे, सुमारे १५ टक्के ठरते, आणि संकरित ज्वारीची लवचिकता उणे ०.५ ऐवजी उणे ०.६६ च्या घरात जाते. येथे चिन्ह बदलले नाही, पण ते बदलूही शकते. उत्पन्न १८,००० वरून केवळ १८,५०० झाले असते, तर ५ टक्के महागाई वजा जाता ते सुमारे १७,६०० रुपयांवर घसरले असते. अशा घराने संकरित ज्वारी जास्त घेतली, तर वरवर पाहता उत्पन्न वाढले आणि मागणीही वाढली, म्हणून वस्तू सामान्य दिसते. वस्तुतः खरे उत्पन्न घटले आणि मागणी वाढली, म्हणून ती निकृष्टच आहे.

निकृष्टपणाचा वस्तूच्या गुणवत्तेशी संबंध नसतो आणि तो कायमचाही नसतो. महिना ८,००० रुपयांत भागवणाऱ्या घरात उत्पन्न वाढले की आधी पोट भरते, म्हणून त्या टप्प्यात संकरित ज्वारीचीच मागणी वाढते आणि ती सामान्य वस्तू असते. पुढे एका पातळीनंतर तिची जागा दादर किंवा गहू घेऊ लागतो. जो टप्पा मोजला त्याचा उल्लेख केल्याशिवाय लवचिकतेचा आकडा सांगणे म्हणूनच अपुरे असते.

पाचवी पायरी : दोन वस्तूंची जोडी तपासणे

छेदक लवचिकतेत भाजक बदलतो. येथे पहिल्या वस्तूच्या मागणीतील टक्केवारी बदलाला दुसऱ्या वस्तूच्या किमतीतील टक्केवारी बदलाने भागतात. उत्तर अधिक आले तर दोन्ही वस्तू पर्यायी, उणे आले तर पूरक, आणि शून्याच्या आसपास आले तर एकमेकींशी संबंध नसलेल्या.

एका किराणा दुकानाचे उदाहरण घेऊ. शेंगदाणा तेल १८० रुपये लिटरवरून २२० रुपयांवर गेले, म्हणजे किमतीत २० टक्के वाढ झाली. त्या काळात सोयाबीन तेलाचा भाव बदलला नाही, पण त्याची महिन्याची विक्री २२५ लिटरवरून २७५ लिटरवर गेली. हीसुद्धा २० टक्के वाढ. लवचिकता अधिक १. तेव्हा या दुकानाच्या गिऱ्हाइकांसाठी ही दोन तेले पर्यायी आहेत.

आता जोडी उलटी करू. समजा, दुसऱ्या एका वर्षी शेंगदाणा तेलाचा भाव स्थिर राहिला आणि सोयाबीन तेल १०८ वरून १३२ रुपयांवर गेले. हीही २० टक्के वाढ आहे. शेंगदाणा तेलाची विक्री मात्र ९५ लिटरवरून १०५ लिटरवर, म्हणजे केवळ १० टक्क्यांनी वाढली, आणि लवचिकता ०.५ आली. जोडी तीच असूनही उत्तरे दोन आली, आणि तसे होणे स्वाभाविक आहे. जो माणूस शेंगदाणा तेल वापरतो त्याला भाव चढल्यावर खाली उतरणे सोपे असते. जो पैशाच्या ओढीमुळे सोयाबीन वापरतो तो सोयाबीन महागल्यावर अधिक महाग तेलाकडे क्वचितच वळतो, तो सरकीचे किंवा पामतेल पाहतो किंवा फोडणीतले तेल कमी करतो. शिवाय नुसत्या आकडेमोडीमुळेही दोन दिशांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. समजा, ५० लिटरची विक्री एका तेलाकडून दुसऱ्याकडे सरकली. तेवढीच विक्री २५० लिटरच्या पायावर २० टक्के आणि १०० लिटरच्या पायावर ५० टक्के भरते. म्हणून छेदक लवचिकता सांगताना कोणाची किंमत बदलली आणि कोणाची मागणी मोजली, हे स्पष्ट लिहावे. ‘या दोन तेलांची लवचिकता एक आहे’ असे वाक्य अर्धवट असते.

पूरक वस्तूंसाठी भरीताचा मोसम पाहावा. हिवाळ्यात जळगाव भागात भरीताची हिरवी-पांढरी मोठी वांगी बाजारात येतात, आणि भरीत म्हटले की त्यात कांद्याची पात येतेच. समजा, वांगी ४० रुपये किलोवरून ६० रुपयांवर गेली, म्हणजे ४० टक्के महागली, आणि पातीचा भाव तोच असताना एका भाजीवाल्याकडची तिची रोजची विक्री ५५ जुड्यांवरून ४५ जुड्यांवर आली, म्हणजे २० टक्के घटली. लवचिकता उणे ०.५, वांगी आणि पात या पूरक वस्तू. उलट दिशेने मात्र हा संबंध फार क्षीण असतो. पातीची जुडी दुप्पट महागली म्हणून भरीताचा बेत कोणी मोडत नाही, कारण एकूण खर्चात पातीचा हिस्सा नगण्य असतो; दोन जुड्यांऐवजी एक घातली जाते इतकेच.

सहावी पायरी : फसवी जोडी ओळखणे

पूरक वस्तूंच्या बाबतीत सर्वांत जास्त होणारी चूक अशी, की दोन वस्तूंची विक्री एकाच वेळी वाढली म्हणून त्यांना पूरक ठरवले जाते. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणारी कित्येक घरे चंपाषष्ठीला ते पुन्हा खाऊ लागतात, आणि त्याच थंडीत गूळ आणि तीळही अधिक खपतात. वांगी आणि गूळ यांची विक्री सोबत वाढते. तरी वांगी महाग झाली म्हणून गुळाची मागणी घटत नाही. दोघांना वर ओढणारी थंडी आहे, त्यांचा परस्परांशी संबंध नाही. छेदक लवचिकतेसाठी विक्रीची विक्रीशी तुलना उपयोगाची नाही. एका वस्तूची किंमत हलली पाहिजे, दुसरीची किंमत, हवामान, सण आणि गिऱ्हाइकाचे उत्पन्न स्थिर असले पाहिजे, आणि मग दुसरीची मागणी पाहिली पाहिजे. प्रत्यक्षात इतके सगळे स्थिर क्वचितच मिळते, म्हणून एकाच महिन्यातील लागोपाठचे दोन आठवडे, ज्यांत भाव अचानक बदलला पण मोसम बदलला नाही, असे शोधावेत.

आणखी एक गुंता थोडा सूक्ष्म आहे. एखादी वस्तू महाग झाली की गिऱ्हाईक पर्यायाकडे वळते, पण त्याच वेळी ते थोडे गरीबही होते, आणि या दुसऱ्या परिणामामुळे पर्यायाची मागणीही दबू शकते. हा परिणाम किती, याचा अंदाज सहज काढता येतो. वरील कुटुंब महिन्याला ३ लिटर शेंगदाणा तेल १८० रुपयांनी घेत असेल, तर त्यावर ५४० रुपये, म्हणजे १८,००० च्या ३ टक्के खर्च होतात. तेल २० टक्क्यांनी महाग झाले, तर जणू उत्पन्न ०.६ टक्क्याने घटले. इतक्या लहान घटीने सोयाबीन तेलाची मागणी फारशी हलणार नाही, त्यामुळे आलेले अधिक चिन्ह विश्वासार्ह आहे. धान्यावर उत्पन्नाचा मोठा हिस्सा घालवणाऱ्या मजुराच्या घरात मात्र गहू महागल्यावर ज्वारी वाढते, आणि डाळ, तेल, भाजी हे सर्व एकदम घटते. तेथे गहू आणि डाळ यांचे चिन्ह उणे येईल, तरी त्या दोघी ताटात एकत्र येतात म्हणून ते आले असे समजणे धाडसाचे ठरेल. खिसा रिकामा झाल्याचाच तो परिणाम असू शकतो.

रेशनच्या गव्हाला ही रीत लावताना जपून राहावे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील गहू आधी २ रुपये किलो होता आणि १ जानेवारी २०२३ पासून तो मोफत मिळतो. या बदलाने ज्वारीच्या मागणीवर काय परिणाम झाला, हे काढण्यासाठी कोणी २ रुपयांवरून शून्यावर आलेली टक्केवारी घेऊन बसेल, तर उत्तर येईल पण त्याला अर्थ नसेल. प्राधान्य कुटुंबाला धान्याचा कोटा दरमहा माणशी ५ किलो असा ठरलेला आहे. ज्या घराला त्याहून जास्त धान्य लागते, त्याच्यासाठी पुढच्या किलोची किंमत बाजाराचीच राहते, आणि ज्वारी घ्यायची की गहू हा निर्णय त्या बाजारभावावर होतो. दर शून्य झाल्याने अशा घराचे महिन्याला फक्त काही रुपये वाचले, म्हणजे तो किमतीतील बदल म्हणून नव्हे तर उत्पन्नातील लहानशी वाढ म्हणून हिशेबात धरावा लागतो. पाच माणसांच्या घराला २५ किलो धान्य मिळते. ते सारे गहूच होते असे धरले तरी बचत ५० रुपयांची, आणि तीच रक्कम १८,००० रुपयांपुढे ठेवून तिला उत्पन्न लवचिकतेचे माप लावायचे.